आमची वाटचाल: फेल झालेली कार्डं मोजताना आम्ही काय चुकलो

पहिली दोन वर्षं आमच्या ऑनलाइन दुकानाच्या चेकआउटकडे आम्ही ढुंकूनही बघितलं नव्हतं, पेमेंट गेटवे आहे ना तो बघेल सगळं, असंच चाललेलं. मग एका सकाळी डॅशबोर्ड उघडला तर रात्री दोन ते साडेतीनमध्ये अकराशे पेमेंट ट्राय झालेले, पास फक्त नऊ, आणि सगळे आमच्याकडच्या सगळ्यात स्वस्त वस्तूसाठी. मला आधी वाटलं गेटवे बिघडला.

तसं नव्हतं. कुणाकडे तरी चोरलेल्या कार्ड नंबरांची यादी होती, त्यातली कुठली अजून चालू आहेत ते आमच्या चेकआउटवर तपासून बघत होते, म्हणजे वस्तू त्यांना नकोच होती. फेल झालेल्या ट्रायचीही फी आमच्या गेटवेने लावलीच, आणि त्या नऊ कार्डांच्या खऱ्या मालकांनी बँकेत तक्रार केली की चार्जबॅक, म्हणजे ते पैसे परत करणं, आमच्याच डोक्यावर.

घाईघाईत नियम टाकला: एका आयपीवरून दहा मिनिटांत पाच पेमेंट फेल, की तो आयपी दिवसभर ब्लॉक. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी सेल होता आणि एका जुन्या ग्राहकाचा फोन, "अहो मी कार्ड एकदाच टाकलं, तर तुमची साइट म्हणते तुम्हाला परवानगी नाही, मी काय चोर आहे का?" आता काय बोलणार! मोबाइल नेटवर्कवर शेकडो फोन एकाच आयपीमागून बाहेर पडतात, त्यामुळे पाच वेगवेगळ्या लोकांचं प्रत्येकी एकदा चुकलं तरी सहाव्याला दार बंद. त्या दिवशी अकरा आयपी ब्लॉक होते, त्यातले आठ मोबाइल नेटवर्कचे निघाले.

मग मी आणि पार्टनर दोन संध्याकाळ नुसते जुने लॉग वाचत बसलो (हे आधी करायला हवं होतं, असो). साध्या ग्राहकाचं पेमेंट फेल होतं तेव्हा तो तेच कार्ड परत टाकतो, सीव्हीव्ही चुकला, तारीख चुकली, ओटीपी उशिरा आला, मग जरा थांबून दुसरं कार्ड काढतो, तिसरं क्वचितच. चोर प्रत्येक वेळी नवं कार्ड टाकतो, प्रत्येक एकदाच, मधे तीन-चार सेकंद. म्हणजे आम्ही ट्राय मोजत होतो तिथेच चूक होती, मोजायची होती ती वेगवेगळी कार्डं, आणि तीही आयपीवर नाही तर डिव्हाइसवर.

असे आकडे झटपट मोजायला आम्ही रेडिस हा डेटाबेस वापरतो, त्यात हे तीन ओळींचं काम:

```
SADD fail:<device> <card_fingerprint>
EXPIRE fail:<device> 900 NX
SCARD fail:<device>
```

सेटमध्ये तेच कार्ड परत टाकलं तरी आकडा वाढत नाही, म्हणून सीव्हीव्ही चार वेळा चुकवणाऱ्याचा आकडा एकच राहतो. फिंगरप्रिंट, म्हणजे कार्ड नंबराऐवजी त्या कार्डाची ओळख सांगणारा कोड, गेटवे देतो, खरा कार्ड नंबर आपण ठेवायचा नाही. शेवटचा NX महत्त्वाचा आहे (रेडिस ७ पासून चालतो), तो नसला तर प्रत्येक ट्रायला पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि धडपडणारा बिचारा अडकूनच राहतो.

ब्लॉक हा शब्दच काढून टाकला. पंधरा मिनिटांत तिसरं कार्ड फेल झालं की कॅप्चा, पाचवं झालं की त्या डिव्हाइसवर अर्धा तास फक्त कार्डचा पर्याय बंद, बाकीचे पर्याय चालू आणि कार्टही तसंच. आधी दोन आठवडे नियम नुसता लॉगमध्ये लिहून ठेवत होतो, प्रत्यक्षात कुणालाच अडवत नव्हतो, त्यात दिसलं की कॅप्चापर्यंत पोचणारे खरे ग्राहक अगदी थोडे आणि पाचव्या कार्डापर्यंत एकही नाही.

यात एक भोक राहिलं होतं. एकच कार्ड घेऊन सीव्हीव्हीचे आकडे क्रमाने लावत गेलं तर आमचा सेट एकावरच थांबतो, आणि तीन आकडी सीव्हीव्हीचे पर्याय फक्त हजार. म्हणून कार्डासाठी वेगळा काउंटर लावला, मर्यादा एका तासात सहा फेल, मग ते कुठल्याही डिव्हाइसवरून असोत.

दुसरा हल्ला आला तो हुशार निघाला, दर वेळी नवा आयपी, नवं सेशन, त्यामुळे प्रत्येक डिव्हाइसचा आकडा एकच. त्याला पकडलं दोन गोष्टींनी. एक म्हणजे कार्डांचे पहिले सहा आकडे जवळजवळ सगळीकडे तेच, म्हणजे एकाच बँकेची एकाच प्रकारची कार्डं. आणि दुसरं, या लोकांनी प्रॉडक्टचं पान उघडलंच नव्हतं, स्क्रिप्ट थेट पेमेंटच्या एंडपॉइंटवर आदळत होती. तेव्हापासून पान न उघडता आलेल्या पेमेंटला आधी कॅप्चा, आणि एका सिरीजची, म्हणजे पहिले सहा आकडे तेच असलेली, फेल कार्डं नेहमीपेक्षा फार वाढली की त्या सिरीजला तासभर थ्रीडीएस, म्हणजे बँकेकडून होणारी जादा पडताळणी, सक्तीचं. त्या सिरीजचं कार्ड असलेल्या साध्या माणसाला एक ओटीपी जास्त टाकावा लागतो, तेवढंच.

तो फोन करणारा ग्राहक मात्र अजून ऑर्डर करतो, आणि दर वेळी विचारतो, आज चोर नाही ना मी?