तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नमस्ते’चा अर्थ

“सर, ‘नमस्ते’ म्हणजे ‘माझ्यातला देव तुमच्यातल्या देवाला वंदन करतो’, असंच ना?”

नाही. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे हा प्रश्न मला लग्नमंडपातही गाठतो, आणि माझे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो, हेही मला पाठ झाले आहे. ‘नमस्’ या शब्दाच्या मुळाशी ‘नम्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ आहे वाकणे. ‘ते’ म्हणजे तुला. दोन्ही मिळून ‘तुला वंदन’ एवढाच अर्थ होतो. देव त्यात आपण नंतर घातला.

मी हे तुसडेपणाने सांगतो, अशी तक्रार घरूनही येते. तिचे कारण असे की, एके काळी मी स्वतः याहून वाईट व्युत्पत्ती भर सभेत सांगितली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका व्याख्यानात मी ठासून म्हणालो की, ‘नमः’ हे ‘न मम’ या शब्दांचे संक्षिप्त रूप असून, नमस्कार करणारा ‘माझे काहीच नाही’ असे म्हणत असतो. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “फळ्यावर ‘नमसा’ लिहा आणि त्याची फोड करून दाखवा.”

मी ‘नमसा’ लिहिले आणि खडू हातात तसाच राहिला. ‘नमसा’ म्हणजे ‘वंदनाने’. हे तृतीयेचे रूप ऋग्वेदात ठिकठिकाणी येते. ‘मनस्’चे मनसा, ‘वचस्’चे वचसा, तसे ‘नमस्’चे नमसा. शब्दाच्या अंगचाच ‘स्’ तिथे उघडा पडतो, आणि ‘न मम’ या दोन शब्दांतून तो कोणत्याही वाटेने निघत नाही. ‘न मम’ हे शब्द खरे आहेत, पण त्यांची जागा वेगळी आहे: यज्ञात आहुती देताना यजमान ‘इदम् अग्नये, न मम’ म्हणतो, म्हणजे हे अग्नीचे झाले, आता माझे नाही. उच्चारातल्या साम्यावर मी इमला बांधला होता. बाईंनी तेवढ्यावर सोडले असते तर मी निभावलो असतो. “बरं, आणि हे म्हणताना हात कसे असत?” त्यांनी विचारले. मी हात जोडून दाखवले. त्यावर त्यांनी तिसऱ्या मंडलातला एकच तुकडा म्हटला: ‘उत्तानहस्ता नमसोपसद्य’. अग्नीजवळ नमनपूर्वक जाणाऱ्यांचे हात तिथे उत्तान आहेत. आपल्या मराठीतला ‘उताणा’ तो हाच शब्द. तळवे वर, उघडे. जोडलेले नाहीत. सभागृहात कोणीतरी हसले. ते हसू मला अजून ऐकू येते, आणि बाई स्वतः हसल्या नव्हत्या हे त्याहून जास्त बोचते.

त्या दिवसानंतर मी शब्द आणि हात वेगळे करून पाहू लागलो. ओंकार, वषट्कार, स्वाहाकार यांत ‘कार’ म्हणजे तो तो उच्चार करणे. त्याच चालीने ‘नमस्कार’ म्हणजे ‘नमः’ असे म्हणणे. आरंभी तो तोंडाचा होता. हातांचे नाव निराळे आहे, अंजली, आणि तीच आपली ओंजळ. अमरकोश सांगतो की, खोलगट केलेला एक तळवा म्हणजे प्रसृती आणि असे दोन एकत्र आले की अंजली. नाट्यशास्त्रात मात्र बोटे सरळ ठेवलेले दोन पताक हात एकमेकांना चिकटवून अंजली होते आणि तिची उंचीही ठरलेली असते: देवांसाठी डोक्यावर, गुरूंसाठी तोंडासमोर, मित्रांसाठी छातीशी. भारहुतच्या शिल्पात अजातशत्रू बुद्धापुढे, म्हणजे बुद्धाचे प्रतीक असलेल्या आसनापुढे, गुडघे टेकून हात जोडतो, आणि शेजारच्या लेखात ‘वंदते’ असे क्रियापद कोरलेले आहे. इसवी सनापूर्वीच्या त्या दगडात आजची मुद्रा ओळखू येते.

आता यात समतेचा संदेश शोधणाऱ्यांशी माझे भांडण सुरू होते, आणि खरे सांगायचे तर ते माझ्या जुन्या भाषणाशीच असते. यजुर्वेदातल्या शतरुद्रियाचा आरंभच ‘नमस्ते रुद्र मन्यवे’ असा आहे: हे रुद्रा, तुझ्या क्रोधाला नमस्कार. पाठोपाठ त्याच्या बाणाला, धनुष्याला आणि दोन्ही बाहूंना नमन आहे. बाण आपल्यावर सुटू नये म्हणून वाकणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. आपस्तंब धर्मसूत्र तर अभिवादनाचा हातही वर्णानुसार मोजते: ब्राह्मणाने उजवा बाहू कानाच्या पातळीवर पसरावा, क्षत्रियाने छातीच्या, वैश्याने कमरेच्या, शूद्राने खाली, आणि तोही हात जोडून. हे फार जुने म्हणून सोडून द्यावे, तर 1779 साली मुंबईत ब्राह्मण आणि सोनार यांच्यातल्या वादात कंपनी सरकारने ठराव करून सोनारांना ‘नमस्कार’ करण्यास मनाई केली. कोणी कोणाला कोणत्या शब्दाने भेटावे, यावर सरकारी कागद निघाला होता. चोखोबांच्या तोंडी ‘जोहार मायबाप’ का आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मी आणखी काय सांगावे?

हे सगळे सांगताना मी सोयीने काही गाळतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ‘ते’ हे एकवचन आहे. बारकाईने पाहिले तर सभेला ‘नमस्ते’ म्हणणे चुकीचे, तिथे ‘नमो वः’ हवे. आणि सासऱ्यांना ‘नमस्ते’ म्हणणे म्हणजे ‘तुला वंदन’. तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्य समाजाने हाच शब्द लहानथोर सर्वांसाठी उचलून धरला, तेव्हा जुनी उतरंड थोडी तरी सपाट झाली, हे मी कसे नाकारू? आपल्या मराठी ‘नमस्कार’ला तूही नाही आणि आपणही नाही, म्हणून तो कोणालाही चालतो. पण ही सोय मूळ अर्थातून आलेली नाही, वापरातून आली आहे, आणि वापराला अर्थ मानायचे तर मग माझ्यातल्या आणि तुमच्यातल्या देवाने काय घोडे मारले आहे? या प्रश्नावर मी दर वेळी चिडतो, कारण त्याचे पुरते उत्तर मला जमलेले नाही.

पुढे बाईंकडे माझे जाणेयेणे झाले. एकदा मी त्यांच्यापुढे ऋग्वेदातला विश्वामित्र आणि नद्यांचा संवाद काढला. भरतांच्या गाड्या पलीकडे न्यायच्या असतात आणि विश्वामित्र विपाश्-शुतुद्री नद्यांना विनवतो की, ‘नि षू नमध्वम्’, जरा वाका, तुमचे पाणी गाडीच्या आसाखाली राहू द्या. नदी उत्तर देते, ‘नि ते नंसै’, मी तुझ्यासाठी वाकते, दूध भरलेली बाई बाळासाठी वाकते तशी. मी म्हणालो, “पाहा बाई, इथे थोर आहे तीच लहानासाठी वाकते आहे, भीती नाही की पायरी नाही.” बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “त्याने आधी तिची पोटभर स्तुती केली आहे, तेवढ्या ऋचा तुम्ही वगळल्यात.”