वारा, तारा आणि झारा

तुम्ही विचारलंत: "गाणं लिहायला बसलं की वारा-तारा, रात-साथ, प्रीत-गीत हीच यमकं येतात आणि प्रतिमाही त्याच. मुद्दाम वेगळं लिहायला गेलं की ओळ ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. मग करायचं तरी काय?"

एक कडवंच समोर ठेवून बोलू. हे नमुन्यासाठी रचलंय, पण असं कडवं तुम्ही कुठेतरी नक्की ऐकलं असेल:

सुटला गार सुगंधी वारा
लुकलुकतो आकाशी तारा
तुझ्याविना हा सुना पसारा
मनास नाही कुठे किनारा

रचना म्हणून यात खोट नाही. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे, आठ-आठच्या दोन आवर्तनांची. चालीत बसेल, गायकाला शेवटचा 'आ' लांबवता येईल. अडचण अशी, की हे कडवं कोण कुणासाठी म्हणतंय ते कळत नाही. गेलेली व्यक्ती प्रेयसी, मित्र, मुलगा, आई, कुणीही चालेल. ऋतू बदला, गाव बदला, कडव्याला काही फरक पडत नाही. मी पारख करते ती अशीच: ओळीतली माणसं आणि जागा मनातल्या मनात बदलून बघायची. ओळ जागची हलली नाही, तर ती कुणाचीच नाही.

बहुतेक जण इथे सुधारणा यमकापासून सुरू करतात. वारा काढून दुसरा शब्द शोधतात आणि मग त्या शब्दासाठी ओळ शिवतात. ओळ ओढूनताणून आणल्यासारखी वाटते ती याच क्रमामुळे. आधी यमकाला हात लावू नका. आधी ठरवा: कोण गेलंय, कुठल्या घरातून, आणि घरात आज कुठली वस्तू वेगळी दिसतेय. आपल्या कडव्यापुरतं ठरवू, की आई गेलीय, दिवाळी नुकतीच होऊन गेलीय आणि जागा स्वयंपाकघराची आहे. आता कागदावर त्या खोलीतल्या वस्तू लिहा. भावना लिहायच्या नाहीत, फक्त वस्तू आणि त्यांची अवस्था: सादळलेली चकली, खिळ्यावरचा झारा, फळीवरचे डबे, पुसट झालेली गॅसची बटणं, पिठाची चाळण. पंधरा-वीस नोंदी होऊ द्या. पहिल्या चार-पाच बहुधा टाकाऊ निघतात. रिकामी खुर्ची, चहाचा दुसरा कप, दारातल्या चपला या प्रतिमा एकेकाळी नव्या होत्या. आता त्याही चंद्र-ताऱ्यांइतक्याच हाताळून गुळगुळीत झाल्यात.

यमकांची यादी यानंतर. '-ारा'ची यमकं सुचतील तशी लिहू नका, कारण सुचतात ती सरावाचीच. मुळाक्षरांच्या क्रमाने अक्षर फिरवत जा: खारा, गारा, घारा, चारा, झारा, थारा, धारा, पारा, बारा, भारा, मारा, सारा. मग तीन अक्षरी: उतारा, खरारा, दरारा, नगारा, निखारा, निवारा, पहारा, पेटारा, फवारा, बंधारा, शहारा. आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. जो शब्द त्या खोलीत राहतो तोच घ्यायचा. झारा सरळ स्वयंपाकघरातला आहे. दरारा ही वस्तू नाही, पण ज्या घरात आईच्या परवानगीशिवाय डबा हलत नव्हता, त्या घरात तो नक्की राहतो. नगारा आणि बंधारा कितीही ताजे वाटले तरी त्यांचं इथे काम नाही.

आणखी एक गोष्ट करायची: यमकाचा भार हलका करायचा. चारही ओळींना एकच यमक असलं की चार शब्द लागतात आणि तिसऱ्या-चौथ्याला हात आपोआप किनाऱ्याकडे जातो. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक ठेवलं तर दोनच शब्द पुरतात. आपल्या परंपरेला हे नवं नाही. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणालाच जुळतं. गझलेत मात्र ही सोय नाही. तिथे मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया, म्हणजे यमक, लागतो आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत तो पाळावा लागतो. म्हणून गझल लिहिताना यादी आधी करा आणि तिच्यात वापरण्याजोगे सात-आठ शब्द आहेत की नाहीत ते मतला पक्का करण्याआधीच बघा.

आता कडवं पुन्हा लिहू. चौथी ओळ आधी, कारण कडव्याचं वजन तिच्यावर येतं. 'उतारा' घेऊन बघितलं तर ओळ होते, 'नाही दुःखावरी उतारा'. मात्रा सोळा भरतात, पण 'वरी' हे रूप आपण बोलत नाही. ते फक्त मात्रा भरायला आलंय. 'वरी', 'जाई', 'पाही', 'गे', 'सखे' असे शब्द आजच्या बोलीतल्या ओळीत दिसले, की समजा यमकाने ओळ वाकवलीय. शिवाय 'दुःख' म्हणून टाकलं की ऐकणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. ही ओळ सोडून दिली.

'दरारा' घेतला तेव्हा ओळ अशी झाली: 'अजून आहे तुझा दरारा'. मूळ ओळीशी ती ताडून बघा. 'मनास' जाऊन 'अजून' आलं, दोन्ही लघु-गुरु-लघु. 'नाही'च्या जागी 'आहे', दोन गुरु. 'कुठे'च्या जागी 'तुझा', 'किनारा'च्या जागी 'दरारा'. एकाही अक्षराचं वजन बदललं नाही, म्हणजे चाल आधी बांधून झालेली असेल तरी तिला धक्का लागत नाही. अर्थ मात्र पार दुसरीकडे गेला. गेलेल्या माणसाचा धाक अजून घरात आहे, हे वाक्य प्रेयसीला किंवा मित्राला सहजी चिकटत नाही.

उरलेल्या ओळी त्या दराऱ्याचा पुरावा म्हणून लावायच्या:

उरली चकली सादळलेली,
भिंतीवर तो तेलट झारा;
डबे फळीवर त्याच क्रमाने –
अजून आहे तुझा दरारा.

पहिल्या ओळीत यमक नाही, त्यामुळे तिथे हवा तो शब्द ठेवता आला. 'सादळलेली' एकटाच आठ मात्रांचा आहे आणि नेमका दुसऱ्या आवर्तनाच्या सुरुवातीला पडतो, म्हणून गाताना तो तुटत नाही. हाच शब्द पहिलं आवर्तन संपता संपता सुरू झाला असता, तर 'साद' एकीकडे आणि 'ळलेली' दुसरीकडे गेलं असतं. गाणं ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाचता येत नाही. अनोळखी किंवा क्वचित वापरला जाणारा शब्द म्हणूनच आवर्तनाच्या आरंभी, अखंड आणि सावकाश यायला हवा. दुसऱ्या ओळीतल्या 'तो'वर भरतीचा शब्द म्हणून संशय घ्यायला हरकत नाही. तो काढला तर चौदा मात्रा उरतात हे खरं, पण इथे तो बोट दाखवतो: घरातल्यांना माहीत असलेला तोच झारा. म्हणून राहू दिला. असा जाब प्रत्येक बारीक शब्दाला विचारावा.

झारा ताऱ्याच्याच जागी बसलाय, हेही लक्षात घ्या. चार मात्रा, शेवटचा 'आ' मोकळा, लांबवायला सोपा. '-ारा', '-ावे', '-ाली' ही यमकं गाण्यात इतकी का येतात, त्याचं हे गायकीतलं कारण आहे. ओळीच्या शेवटी 'घट्ट' किंवा 'लख्ख' असा शब्द ठेवला तर कवितेत शोभेल, पण लांब सुरावर गायकाचा घसा अडेल. संथ चालीसाठी लिहित असाल तर यमकाचा शेवटचा स्वर तसाच ठेवा आणि ताजेपणा त्याच्या आधीच्या व्यंजनात आणि अर्थात आणा.

क्रियापदांच्या यमकांचं थोडक्यात सांगते. 'बसला-रडला', 'बोलते-धावते' यांत फक्त प्रत्यय जुळतो. कानाला जुळल्याचा भास होतो, पण त्याने काही बांधलं जात नाही. 'वाळला-टाळला'मध्ये धातूही जुळतो, म्हणून ते चांगलं. नाम आणि क्रियापद जुळवता आलं तर त्याहून चांगलं, कारण मग दोन ओळींची वाक्यरचना आपोआप वेगवेगळी होते.

आता वेगळेपणाच्या नादात होणारी चूक. हल्ली 'आठवणींचा डबा', 'दुःखाचा सातबारा', 'विरहाचा कुकर' असलं फार वाचायला मिळतं. भाववाचक नाम, त्याला 'चा', पुढे घरातली एखादी वस्तू. हे नवं दिसतं, पण तो साचाच आहे, आणि आता 'मनाचा किनारा' इतकाच शिळा झालाय. पारख सोपी आहे: 'चा' लागलेला शब्द काढून टाका. 'आठवणींचा डबा'मधून आठवणी काढल्या तर उरलेल्या डब्यात काही आहे का? नसेल, तर प्रतिमा झालीच नाही. आपल्या कडव्यातले डबे नुसते डबे आहेत, फळीवर क्रमाने लावलेले, आणि त्यांचा अर्थ चौथ्या ओळीतून येतो. चकलीऐवजी 'वेदनेची चकली' म्हटलं असतं, तर ती खाण्याची वस्तूच राहिली नसती.

दुसरी चूक दाटीची. एका कडव्यात विचित्र प्रतिमा एकच पुरते. इथे ती दरारा आहे. चकली, झारा, डबे या साध्या सरळ वस्तू आहेत. झाऱ्याच्या भोकांतून तारे गळताहेत, डबे रात्री हुंदके देताहेत, असं सगळं एकदम आणलं तर ऐकणारा आईला विसरून कवीच्या कल्पकतेकडे बघू लागतो.

जुनी यमकं सगळीकडून हाकलायचीही गरज नाही. आरती, भजन, अंगाई, किंवा लोकांनी सोबत म्हणायचं धृपद, इथे ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधी कळायला हवा, तरच तो सुरात सूर मिसळतो. तिथे वारा-तारा ठेवा आणि नवं काही असेल ते अंतऱ्यात आणा.

याच गाण्याचं दुसरं कडवं लिहाल तेव्हा वस्तूंची यादी पुन्हा लावू नका. खोली तीच राहू द्या, पण या वेळी एकच कृती घ्या, तीही घरात मागे राहिलेल्या माणसाची: मीठ घालताना हात थांबणं, झारा घासायला काढून परत खिळ्याला लावणं. यमकासाठी '-ारा'कडे पुन्हा जाऊ नका. पहिल्या कडव्यातला दरारा कानात असेपर्यंत त्याच कुळातला दुसरा शब्द फिका पडतो. '-ाही' किंवा '-ून' घेऊन मुळाक्षरं पहिल्यापासून फिरवा.