तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबड्याची पुडी

"गिऱ्हाइकाला वाचताच येत नसेल, तर ते आमची पुडी ओळखणार कशी?"

तोंडाने मागून. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या किराणा दुकानांत पुड्यांच्या माळा वर टांगलेल्या असतात, गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभं असतं आणि माल दुकानदार काढून देतो. त्यामुळे चित्र नुसतं दिसून भागत नाही, ते तोंडाने सांगता यावं लागतं. शिवाय इथे लिप्या दोन, मराठीची आणि कन्नडची. कोंबडा छापलात तर कुणी कोंबडा म्हणेल, कुणी कन्नडमध्ये हुंज, पण दुकानदाराचा हात त्याच माळेकडे जातो. लाटा, झोकदार पान, चकाकता गोळा असली शहरी चिन्हं इथे कुचकामी. त्यांना मागायचं काय म्हणून?

समजा, 5 रुपयांची चहाची पुडी आहे. पिवळी जमीन, लाल कोंबडा, भोवती जाड काळी रेघ. कॉम्प्युटरवर पिसं न् पिसं सुरेख दिसतं, पुडीवर मात्र कोंबडा अंगठ्याएवढा उरतो आणि पिसांचा लाल डाग होतो. तुरा नि शेपटी जरा जास्तच मोठी काढा, बाकीचं पुसून टाका. मग खऱ्या मापाचा प्रिंट काढून दुसऱ्यांच्या माळांमध्ये टांगा आणि न वाचणाऱ्या माणसाला "आवडलं का?" असं न विचारता "कुठली देऊ?" असं विचारा. "ती कोंबडीची" किंवा "पाखराची" असं उत्तर आलं तर चित्र परत काढायचं. "ती पिवळी" म्हणाले तर जास्त सावध व्हा, कारण शेजारी दुसरी पिवळी माळ लागली की तुमची ओळख गेली.

पुडी भरणारं मशीन फिल्मच्या कडेला छापलेली खूण बघून काप मारतं. फिल्म थोडी ताणली गेली तरी काप सरकतो, आणि चित्र सीलच्या पट्टीला चिकटून असेल तर एका कोंबड्याचा तुरा वरच्या पुडीच्या तळाशी जातो. म्हणून वर-खाली मोकळी जागा ठेवा. चकचकीत फिल्म असेल तर रंगामागे पांढरा थर हवाच, नाहीतर पिवळा मळकट दिसतो. छपाईचा एक सिलिंडर वाचेल म्हणून छापखानेवाला तो थर काढायला सुचवेल. ऐकू नका.

नक्कल करणारा नाव बदलतो आणि रंग ठेवतो, कारण नाव इथे कुणी बघतच नाही. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात रंगसंगती आणि वेष्टनही चिन्हात मोडतं. 2003 साली दंतमंजनाच्या लाल-पांढऱ्या डब्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने, नाव वेगळं असूनही, अंतरिम मनाई दिली होती. तेव्हा नुसतं नाव नोंदवून थांबू नका, कोंबड्याचं चित्र स्वतंत्र नोंदवा. आणि पुढे वेलची चहा काढलात तर जमीन हिरवी करायचा मोह आवरा. पिवळ्यावर तोच कोंबडा, आणि पायाशी दोन वेलदोडे.