पोटातून पाठीत आरपार जाणारी कळ

"डॉक्टर, खडा पित्ताशयात होता, मग सूज स्वादुपिंडाला कशी आली? आणि दुखणं पोटाचं असताना माझ्या पत्नीला पाठीतून सुरी आरपार गेल्यासारखं का वाटत होतं?"

पित्ताशयाकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका वेगवेगळ्या दिशांनी येतात, पण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात शिरताना बहुतेकांमध्ये त्या एकत्र येतात आणि एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. त्या तोंडाभोवती स्नायूंची एक झडप असते आणि वाट जेमतेम काही मिलिमीटरची असते. तुमच्या पत्नीच्या पित्ताशयात तीन-चार मिलिमीटरचे बरेच खडे सोनोग्राफीत दिसले होते. मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो, कारण बाहेरच्या अरुंद नळीत तो शिरूच शकत नाही. बारीक खडा मात्र घरंगळत खाली येतो आणि शेवटच्या त्या तोंडाशी अडकतो. म्हणूनच या आजारात मला मोठ्या खड्यापेक्षा बारीक खड्यांची अधिक धास्ती वाटते.

यूजीन ओपी या विकृतिशास्त्रज्ञाने 1901 मध्ये एका शवविच्छेदनात नेमके हेच पाहिले होते. तोंडाशी अडकलेला छोटा खडा पाहून त्याने असा निष्कर्ष काढला की वाट बंद झाल्यामुळे पित्त उलटे स्वादुपिंडात शिरते आणि इजा करते. पुढच्या प्रयोगांवरून असे दिसते की पित्त आत शिरले नाही तरी स्वादुपिंडाची नलिका तुंबणे एवढेच कारण पुरेसे ठरू शकते. ते का पुरेसे ठरते, हे समजण्यासाठी नलिका सोडून पेशीच्या आत डोकावावे लागते.

स्वादुपिंड दिवसाला लिटरभराहून अधिक पाचकरस तयार करते आणि त्यात प्रथिने पचवणारी द्रव्येही असतात. स्वादुपिंड स्वतःही प्रथिनांचेच बनलेले असते, म्हणून शरीर ही द्रव्ये निष्क्रिय रूपात बनवते. त्यातले मुख्य द्रव्य ट्रिप्सिनोजेन. पेशीमध्ये ते बारीक पिशव्यांत बंद असते आणि आतड्यात पोहोचल्यावर तिथल्या अस्तरातले एक एन्झाइम त्याचा छोटा तुकडा तोडते, तेव्हाच त्याचे ट्रिप्सिन होते. हे ट्रिप्सिन मग बाकीच्या निष्क्रिय एन्झाइमांना एकामागून एक जागे करते. चुकून थोडे ट्रिप्सिन पेशीतच तयार झाले तर त्याला धरून ठेवणारे एक रोधक प्रथिनही तिथे असते.

वाट तुंबली की रस बाहेर पडत नाही, पेशीतले कॅल्शियम वाढते आणि वाढलेलेच राहते. एरवी अलग असणाऱ्या दोन प्रकारच्या पिशव्या, म्हणजे ट्रिप्सिनोजेन साठवणाऱ्या आणि पेशीतला कचरा विघटित करणाऱ्या, एकमेकींत मिसळतात. दुसऱ्या पिशवीतले कॅथेप्सिन बी हे एन्झाइम जे काम आतड्यात व्हायला हवे ते इथेच करून टाकते. रोधक प्रथिनाची ताकद संपली की ट्रिप्सिन मोकळे होते, आणि मग इलास्टेज रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले लवचिक तंतू, तर फॉस्फोलायपेज पेशींची आवरणे पचवू लागते. चरबी पचवणाऱ्या लायपेजला तर जागे करावेच लागत नाही, ते मुळातच सक्रिय असते. फुटलेल्या पेशींतून ते भोवतालच्या चरबीवर सांडते, चरबीतून सुटलेली आम्ले रक्तातल्या कॅल्शियमला बांधून घेतात आणि तिथे साबण तयार होतो. गंभीर रुग्णाचे पोट उघडावे लागते तेव्हा चरबीवर मेणबत्तीचे थेंब पडून गोठावेत तसे पांढरे, खडबडीत ठिपके मी पाहिले आहेत. अशा रुग्णात रक्तातले कॅल्शियम घसरते ते काही अंशी यामुळेच. सुरुवात एन्झाइमांनी होते, पण शरीराचा दाह पुढे स्वतःच इतका पेटतो की आजाराची तीव्रता बहुतांशी तोच ठरवतो.

आता पाठीकडे वळतो. तुमची पत्नी तपासणीच्या टेबलावर पाठीवर पडायला तयार नव्हती. गुडघे छातीशी ओढून, पुढे वाकून ती बसली होती, आणि एवढे पाहूनच माझे लक्ष स्वादुपिंडाकडे गेले. स्वादुपिंड पोटाच्या पिशवीत मोकळे लटकलेले नसते. ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर आडवे, मागच्या भिंतीला चिकटलेले असते. त्याला घट्ट आवरण नसल्यामुळे सूज आणि रस थेट मागच्या चरबीत उतरतात आणि तिथल्या भिंतीच्या नसांना डिवचतात. ही कळ खरोखरच मागे पोहोचलेली असते. दुसरा भाग मज्जारज्जूत घडतो. स्वादुपिंडाच्या संवेदना त्याच्या मागच्याच मज्जाजालातून छातीच्या मधल्या आणि खालच्या भागातल्या मज्जारज्जूकडे जातात, आणि बेंबीच्या वरच्या पोटाची व पाठीच्या मधल्या पट्ट्याची त्वचाही तिथेच संदेश पाठवते. मेंदूला निरोप कुठून आला हे नीट वेगळे करता येत नाही, म्हणून पुढे आणि मागे दोन्हीकडे दुखते आणि दोन्ही टोके जोडणारी एक वाट आपल्याला आरपार जाणवते. पाठीवर झोपल्यास सुजलेला अवयव कण्यावर दाबला जातो, पुढे वाकल्यास तो ताण थोडा सैलावतो. पाठीत कळ प्रत्येकालाच जाते असे नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत ती जाते, त्यामुळे ती नसली म्हणून निदान टाळता येत नाही.

पित्ताशयाची साधी कळ बहुधा काही तासांत ओसरते. तुमच्या पत्नीची मध्यरात्री सुरू होऊन अर्ध्या तासात टोकाला गेली आणि सकाळीही तशीच होती. रक्तातले लायपेज 2,400 आले, त्या प्रयोगशाळेची कमाल मर्यादा 60 होती. ठरावीक वेदना आणि मर्यादेच्या तिपटीहून जास्त लायपेज मिळाल्यावर निदानासाठी त्या दिवशी सीटी स्कॅनची गरज नव्हती. यकृताचे एएलटी हे एन्झाइम 310 होते, आणि पहिल्या दोन दिवसांत ते 150च्या वर असले की खड्याचा संशय बळावतो. लायपेजच्या आकड्यावरून मात्र आजार किती गंभीर आहे हे कळत नाही, म्हणून तुम्ही रोज तो आकडा विचारत होतात तेव्हा मी श्वास, लघवीचे प्रमाण आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन यांविषयीच बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी एएलटी निम्म्यावर आले आणि कावीळ दाखवणारे बिलिरुबिनही उतरू लागले, म्हणजे खडा आतड्यात निघून गेला होता. बहुतेक खडे असेच आपोआप जातात. म्हणूनच तिला दुर्बीण घालून नलिका साफ करावी लागली नाही. ताप, थंडी आणि वाढती कावीळ अशी नलिकेतल्या जंतुसंसर्गाची चिन्हे असती तर चोवीस तासांच्या आत ते करावे लागले असते. सलाईन मोजून दिले, वेदना कमी करणारी औषधे हात आखडता न घेता दिली आणि भूक लागताच तोंडाने खाणे सुरू केले.

पाचव्या दिवशी, त्याच मुक्कामात, पित्ताशय काढण्याचा आग्रह मी धरला तो उरलेल्या बारीक खड्यांसाठी. "आधी घरी जाऊन ताकद येऊ दे" असे तुम्ही म्हणालात आणि मला ते समजत होते, पण वाट पाहण्याच्या त्या आठवड्यांतच पुढचा खडा त्याच तोंडाशी येऊन अडकतो असे मी अनेकदा पाहिले आहे. काढलेले पित्ताशय कापल्यावर आत सतरा खडे निघाले, आणि त्यांतला एकही पाच मिलिमीटरपेक्षा मोठा नव्हता.