गोळी पित्तावर, खडे पित्ताशयात

पोटात वरच्या बाजूला दुखलं की आमच्या घरात निदान ठरलेलं: पित्त वाढलं. पॅन्टोप्राझोलने माझी जळजळ थांबली, कळ मात्र थांबेना. वरणभाताला काही नाही. पुरणपोळीवर तूप घेतलं किंवा लग्नाचं जेवण झालं की तासाभराने बरगड्यांच्या बेचक्यात दुखायला लागायचं. पाठीत उजव्या फऱ्यापर्यंत जायचं आणि दोन-तीन तास एकसारखं राहायचं.

डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. छातीला लागून दुखतंय तर हृदय आधी बघायचं. मग प्रश्न. जळजळ घशाकडे चढते का, आडवं झाल्यावर वाढते का? तशी असेल तर ॲसिडिटी. रिकाम्या पोटी किंवा रात्री दुखून जाग येते आणि खाल्लं की बरं वाटतं का? हा आतड्याच्या तोंडाशी झालेल्या अल्सरचा नमुना. जठरातला अल्सर बऱ्याचदा खाल्ल्यावरच दुखतो. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेता का, हेही विचारलं. अल्सर बहुधा त्या गोळ्यांनी होतो, नाहीतर एच. पायलोरी जंतूने. पण लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून सोनोग्राफी लिहून दिली.

आठ तास उपाशी जायचं, दुधाचा चहाही नाही. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. डाव्या कुशीवर वळले तसे पडद्यावरचे पांढरे ठिपके घरंगळले. त्यांच्यामागे काळी सावली. "हलतायत, सावलीही पडतेय. खडेच आहेत," सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या. चार-पाच मिलिमीटरचे, बरेच.

बारीक आहेत तर बरंच, असं मला वाटलं. सर्जन म्हणाले, बारीकच नलिकेत घसरतात. अडकले तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. त्रास न देणारे खडे सहसा तसेच ठेवतात. माझे दुखत होते, म्हणून दुर्बिणीतून पित्ताशयच काढायचं ठरलं. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. (तेल-लिंबाचा उपाय मलाही तिघींनी सांगितला. त्यानंतर शौचात पडतात त्या हिरवट गोळ्या तेलाचाच साबण होऊन बनलेल्या असतात.)

ऑपरेशनची तारीख पुढची होती. तोवर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा कळ पाच-सहा तासांत ओसरली नाही, तर तारखेची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत यायचं, असं त्यांनी बजावलं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तरीही तसंच, कारण तो अल्सरचा रक्तस्राव असू शकतो. माझ्या यजमानांनाही जेवणानंतर दुखतं, शिवाय वजन उतरलंय आणि घास अडकतो, हे बोलता बोलता निघालं. सर्जननी त्यांना सोनोग्राफी नाही, त्याच आठवड्यातली एंडोस्कोपी लिहून दिली.