आमची वाटचाल : कोटेशन पाठवण्याआधीचा कागद

आमची फर्म सुरू झाली ती कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीतून. जळगाव एमआयडीसीतल्या दालमिल, चटईचे आणि पाइपचे कारखाने, कुठे तेल बदल, कुठे सेपरेटर बदल, कुठे रात्री अडकलेली मशीन सुरू करून दे. त्या कामात एकच माणूस ओळखीचा असला तरी भागायचं. मेंटेनन्सवाला फोन करायचा, काम झालं की तोच बिलावर सही घेऊन द्यायचा. पुढे नव्या स्क्रू कॉम्प्रेसरची एजन्सी घेतली आणि हिशोब बदलला. पाच-सात लाखांच्या मशीनबद्दल जो तासभर बोलतो आणि जो तिचे पैसे सोडतो, ती बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. खान्देशातल्या घरच्या कंपन्यांमध्ये तर हुद्द्यावरून काही कळत नाही. व्हिजिटिंग कार्डावर एमडी असलेला मुलगा अडत आणि माल बघतो, आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही ते आप्पा संध्याकाळी एक शब्द बोलून व्यवहार मोडतात.

म्हणून आम्ही कोणत्याही नव्या कंपनीत पाऊल टाकण्याआधी एक कागद करतो. त्यावर नावं कमी आणि प्रश्न जास्त असतात: त्रास कुणाला होतोय, कोणती मशीन हवी ते कोण ठरवतं, पैसे कोण सोडतं, आणि सही न करताही नाही म्हणण्याची ताकद कुणाकडे आहे. पद्धत नीट कळावी म्हणून एकच उदाहरण सविस्तर सांगतो.

जळगाव जिल्ह्यातली एक दालमिल, प्रायव्हेट लिमिटेड. बाहेरून पाहिलं तर सगळा कारभार धाकट्या भावाचा. वेबसाइटवर फोटो त्याचा, प्रदर्शनात स्टॉलवर तोच. आम्ही आधी कंपन्यांची नोंद ठेवणारं सरकारी एमसीए पोर्टल उघडलं. डायरेक्टर चार निघाले: आप्पा, दोन मुलं आणि मोठी सून. त्याच पोर्टलवर कंपनीच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे, केव्हा चढला, किती रकमेचा, हेही दिसतं. थोडी फी भरली की त्या बोजाचा दाखल केलेला फॉर्म बघता येतो, आणि त्यावर कंपनीच्या वतीने डिजिटल सही कुणाची आहे तेही कळतं. दोन्ही कर्जांच्या फॉर्मवर सही सुनेची होती. (भागीदारी फर्म असेल तर हा रस्ता बंद. तिथे जीएसटी पोर्टलवर मालकी आहे की भागीदारी, एवढ्यावरच सुरुवात करावी लागते.)

सही दिसली म्हणजे तिजोरीची किल्ली त्यांच्याकडेच, असं आम्ही धरत नाही. कधीकधी घरात ज्याला वेळ असतो त्याच्या नावावर डिजिटल सही काढलेली असते. म्हणून आमचा नियम असा, की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून तीच गोष्ट यायला हवी. दुसरा दुजोरा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून मिळाला. त्याने त्या मिलमध्ये नवीन पॅनल बसवलं होतं. त्याला आम्ही एकच प्रश्न विचारला: पॅनल घ्यायचं ठरल्यापासून पैसे मिळेपर्यंत कागद कुठून कुठे फिरला? तो म्हणाला, प्लँट मॅनेजरने इंडेंट म्हणजे मागणीचा कागद काढला, परचेसने तीन कोटेशनची तुलना केली, धाकट्या भाऊंनी हो म्हटलं, आणि मग फाइल वहिनींकडे, म्हणजे मोठ्या सुनेकडे थांबली. हप्ता कसा बसतो ते पाहिल्यावरच पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर निघाली.

मागच्या खरेदीची गोष्ट हा या सगळ्यातला सर्वांत कामाचा प्रश्न आहे. ‘तुमच्याकडे निर्णय कोण घेतं?’ असं सरळ विचारलं की प्रत्येक जण स्वतःकडे बोट दाखवतो. मागची मशीन कशी आली ते विचारलं की माणूस मोकळेपणाने सगळा रस्ता सांगतो.

आता मशीन कोणती हवी ते ठरवणारा शोधायचा होता. दालमिलमध्ये सॉर्टेक्स असतो आणि तो कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो. त्यातला कॅमेरा काळा, डागी दाणा ओळखतो आणि हवेचा बारीक फवारा तो दाणा बाजूला उडवतो. हवेत पाणी किंवा तेल आलं की फवाऱ्याचे व्हॉल्व्ह खराब होतात आणि डागी दाणा चांगल्या मालात जातो. त्यामुळे हवेबद्दल त्या मिलमध्ये शब्द चालतो तो सॉर्टेक्स चालवणाऱ्या नानांचा, आणि त्यांच्याहीपेक्षा सॉर्टेक्स कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचा. हा इंजिनिअर मिलच्या पगारावर नाही, कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण ‘ही हवा चालणार नाही’ हे त्याचं एक वाक्य इंडेंट काढायला लावतं. असा बाहेरचा माणूस आमच्या कागदावर नेहमी वेगळ्या शाईत असतो.

कागद पुरा झाल्यावर क्रम ठरला. धाकट्या भाऊंना फोन न करता आधी प्लँट मॅनेजरकडे गेलो, कारण दुरुस्तीच्या खर्चाची छोटी मर्यादा त्यांच्या स्वतःच्या हातात होती, आणि तेवढ्यात बसणारं काम आमच्याकडे होतं. साप्ताहिक सुट्टीला हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवून त्यांचा जुना ३० एचपीचा कॉम्प्रेसर चालवला. हवेचा वापर शून्य, तरी मशीन २ मिनिटं लोडवर म्हणजे हवा भरत, आणि ३ मिनिटं अनलोडवर म्हणजे नुसती फिरत होती. म्हणजे ५ पैकी २ मिनिटं, ४० टक्के क्षमता नुसती गळतीत. ३० एचपी म्हणजे सुमारे २२ किलोवॉट; त्याच्या ४० टक्के धरले तर तासाला ८.८ युनिट. १६ तासांची पाळी आणि युनिटमागे ९ रुपये धरून रोजचे सुमारे १,२७० रुपये. जुन्या रबरी नळ्या, कपलर, ड्रेन व्हॉल्व्ह बदलले; खर्च मॅनेजरच्या मर्यादेत बसला, वर कुणाला विचारावं लागलं नाही. गळती गेल्यावर लक्षात आलं की त्यांना नवा ३० एचपी लागतच नाही, हवेच्या गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडीचा २० एचपी पुरतो. आमची विक्री लहान झाली, पण वहिनींसमोर ठेवायला कागद भक्कम झाला.

वहिनींच्या पानावर हवेचे सीएफएम आणि दाबाचे बार कुठेच नव्हते. विजेची आधीची आणि नंतरची बिलं, मशीनचा महिन्याचा हप्ता, या आर्थिक वर्षात बसवली तर घसारा किती, जुन्या मशीनचे किती येतील, एवढंच. त्यांचे प्रश्नही तसेच आले. माणूस ओळखायची ही एक खूण आहे: नाना विचारतात ड्रायर कोणता, स्पेअर जळगावात मिळतो का, पैसे सोडणारा विचारतो हप्ता कधी सुरू, या मार्चच्या आत की पुढे. ‘कोटेशन पाठवून द्या’ एवढंच जो म्हणतो, तो बहुधा या दोहोंपैकी कुणीच नसतो.

आप्पांनी एकच विचारलं, रात्री बंद पडली तर कोण येणार? त्याचं उत्तर आमच्या दुरुस्तीच्या दिवसांनी आधीच देऊन ठेवलं होतं. पितृपक्षात विषय कुणी काढला नाही, आम्हीही काढला नाही. दसऱ्याला मशीन उतरली, नवी तूर यायच्या बरीच आधी.

या कागदाच्या मर्यादाही आहेत. मॅनेजर बदलला, भावांच्या वाटण्या झाल्या, की तो शिळा होतो; म्हणून वर तारीख टाकतो आणि सहा महिन्यांपेक्षा जुन्या कागदावर कुणाला फोन करत नाही. कागदावर फक्त कामाशी संबंधित गोष्टी लिहितो, घरच्या भानगडी नाहीत. आणि ऑपरेटरच्या हातात पाकीट ठेवून माहिती काढत नाही. तशी माहिती विकणारा ती पुढच्या डीलरलाही विकतो.

सध्या धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा कागद अर्धा आहे. मेंटेनन्सचे भाऊ हवेच्या त्रासाबद्दल भरभरून बोलतात आणि पैशांचा विषय निघाला की म्हणतात, “मन्हा हातमा काहीच नही शे.” मालकी पुण्याच्या ग्रुपकडे गेली आहे आणि मोठी खरेदी तिथूनच मंजूर होते, हे दोन ठिकाणांहून कळलं. पण पुण्यात नेमकं कुणाच्या टेबलावर, ते अजून एकाच ठिकाणाहून आलंय. तोवर तिथे कोटेशन जाणार नाही. ड्रेन व्हॉल्व्हची किरकोळ ऑर्डर तेवढी चालू आहे.