शेवटच्या स्लाइडवरचं एक वाक्य

8 डिसेंबर 2025, रात्री

शुक्रवारी नागपूरला पिच आहे, आमचं कापसाचा ओलावा मोजायचं काम परीक्षकांपुढं मांडायचं. पाच मिनिटं बोलायचं, मग पाच-सात मिनिटं प्रश्न. नऊ स्लाइड होऊन तीन दिवस झाले, दहावी अजून होत नाही. तिच्यावर फक्त एकच वाक्य टाकायचं आहे: आपण हे कशासाठी करतोय ते.

भागीदार म्हणाला, शेवटी 'धन्यवाद' टाक आणि मोकळी हो. मला ते पटलं नाही. बाकी स्लाइड तीस-चाळीस सेकंद दिसतात. शेवटची मात्र प्रश्न सुरू झाले की पडद्यावर तशीच राहते. परीक्षक वहीत टिपणं घेताना, एकमेकांशी कुजबुजताना तिच्याकडेच बघत असतात. म्हणजे सगळ्यात जास्त वेळ वाचली जाणारी जागा तीच, आणि तिथं धन्यवाद लिहून ठेवायचं? धन्यवाद तोंडानं म्हणता येतं.

पहिला खर्डा मी शनिवारी केला होता: 'तंत्रज्ञानाच्या साहाय्याने विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांचे सक्षमीकरण.' लिहिताना बरं वाटलं. मग आमचं नाव झाकून त्या जागी एखाद्या ठिबकवाल्याचं, बियाणेवाल्याचं, पीकविमावाल्याचं नाव ठेवून पाहिलं. वाक्य सगळ्यांना बसलं. आम्ही काय करतो हे त्यातून कुणालाच कळलं नसतं. खोडलं.

आम्ही काय करतो ते साधं आहे. राळेगाव तालुक्यातल्या तीन गावांत बचत गटाच्या बायांकडं ओलावा मोजायचं मीटर दिलंय. कापूस गाडीत भरायच्या आधी त्या घरी येतात, ढिगात दहा ठिकाणी सळई खुपसून आकडे घेतात आणि शेतकऱ्याच्या फोनवर पाठवतात. एका गाडीचे पन्नास रुपये. बारा टक्क्यांच्या वर आकडा आला की ताडपत्रीवर आणखी एक-दोन उन्हं द्यायची, मग गाडी सांगायची.

हमीभावाच्या खरेदीत नियम असा आहे की आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. पुढे बारापर्यंत जितके टक्के जास्त, तितके टक्के भाव कमी. बाराच्या वर कापूस घेतच नाहीत. यंदा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे.

त्यावरून दुसरा खर्डा झाला: 'ओलावा कमी, पैसा जास्त.' भागीदार खूश झाला. चार शब्द, यमक नाही तरी ताल आहे, भिंतीवर रंगवण्यासारखं. मीही खूश होते. आज संध्याकाळी बाबा अंगणात सरकी निवडत बसले होते, त्यांना वाचून दाखवलं.

बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाळवला तं वजन नाई का घटत, बाई?"

मी घरात येऊन हिशेब केला. दहा क्विंटल कापूस, ओलावा अकरा टक्के. तीन टक्के कापून भाव 7,866 रुपये 70 पैसे, म्हणजे एकूण 78,667. आता तोच कापूस आठ टक्क्यांपर्यंत वाळवला. उडून गेलं ते पाणीच, पण काट्यावर तेही मोजलं जात होतं. दहा क्विंटलचे राहिले साधारण 9 क्विंटल 67 किलो. पूर्ण 8,110 च्या भावानं त्याचे झाले 78,400 आणि काही. म्हणजे पैसा वाढला तर नाहीच, दोन-अडीचशे रुपयांनी कमीच झाला. वर ताडपत्रीवर पसरायची, संध्याकाळी गोळा करायची मेहनत वेगळी.

मी दोन वेळा करून पाहिलं, उत्तर तेच. कपातीचा नियम वजनाच्या हिशेबानं लावलेला आहे. आठ ते बाराच्या मधे शेतकऱ्याचं फारसं काही जात नाही आणि वाळवून फारसं काही येतही नाही. शेवटच्या स्लाइडवर ते वाक्य ठेवून मी उभी राहिले असते आणि कापसाचा जाणकार एखादा परीक्षक समोर असता, तर बाबांचाच प्रश्न त्यानं विचारला असता. मग आधीच्या नऊ स्लाइडवरचाही विश्वास गेला असता. वाक्य लक्षात राहणारं असलं की त्यातलं खोटंही तितकंच लक्षात राहतं, आणि शेतकऱ्यांपुढं तर मला ते अजिबातच बोलायचं नाही.

9 डिसेंबर

रात्रभर डोक्यात हेच होतं की मग आपण नेमकं वाचवतो काय?

उत्तर पहिल्याच स्लाइडवर होतं. तिथं मामाच्या गाडीचा फोटो आहे. मागच्या वर्षी मामानं चौदा क्विंटल कापूस भाड्याच्या पिकअपमधे भरून नेला. दिवसभर रांगेत थांबला. संध्याकाळी नंबर लागला, मीटर लावलं तर साडेतेरा. गाडी परत. जायचं भाडं, यायचं भाडं, ड्रायव्हरचं जेवण, आणि घरी ठेवायला जागा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तोच कापूस गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावात द्यावा लागला. मामाचा कापूस वाईट नव्हता. पहाटेच्या दवात वेचलेला, तसाच खोलीत दाबून भरलेला. दाराजवळचा कापूस हाताला कोरडा लागत होता, म्हणून मामीला वाटलं सगळाच वाळला.

खरं नुकसान बाराच्या त्या रेषेवर आहे. रेषेच्या अलीकडं रुपया-पैशाचा फरक, पलीकडं पूर्ण गाडी परत. यंदा तर अ‍ॅपवर स्लॉट घेऊन जावं लागतं, परत आलं की नवीन स्लॉट.

म्हणून तिसरा खर्डा: 'ओलाव्यापायी कापसाची एकही गाडी परत येणार नाही.'

यातला 'ओलाव्यापायी' हा शब्द मी मुद्दाम ठेवला. गाडी कचऱ्यासाठी परत येते, कवडीसाठी येते, पिवळा पडला म्हणून येते. त्यातलं आमच्या मीटरला काहीच कळत नाही. जे आपल्याला जमत नाही ते वाक्यात शिरता कामा नये.

अडलं ते क्रियापदावर. 'येणार नाही' म्हटलं की वचन झालं. 'येत नाही' म्हटलं की दावा झाला. आणि दोन्ही आम्हाला परवडत नाहीत, कारण मागच्या महिन्यात आमच्या मीटरवर पास होऊन गेलेल्या दोन गाड्या परत आल्या. दोन्हीचं कारण एकच निघालं. ढीग खोलीच्या कोपऱ्यात होता, आमच्या ताईंनी समोरून आणि वरून आकडे घेतले, भिंतीकडची बाजू राहिली. मी स्वतः जाऊन भिंतीकडून हात घातला तर कोपरापर्यंत गार लागलं. मुठीत कापूस दाबून सोडला तर तो फुललाच नाही, गोळा तसाच राहिला. सळई तिथं खुपसली तर चौदा. आता आम्ही आधी ढीग फिरवायला लावतो आणि दहापैकी चार आकडे तळातून घेतो. सळईभोवती कापूस किती दाबला यावरही आकडा हलतो, म्हणून तोही प्रत्येक वेळी सारखाच दाबायला शिकवतोय.

तर 'येऊ नये.' मराठीत या रूपात इच्छा आहे, कळकळ आहे, आणि काम अजून बाकी आहे हेही आहे. मायक्रोसॉफ्टवाल्यांचं जुनं ध्येय होतं, प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात एक कॉम्प्युटर. मला ते आवडतं कारण त्यात विशेषण एकही नाही. टेबलावर कॉम्प्युटर आहे की नाही हे कुणीही जाऊन बघू शकतं. तसंच गाडी परत आली की नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकतं.

'ओलाव्यापायी कापसाची एकही गाडी परत येऊ नये.' दुपारी मायला एकदाच सांगितलं, पुन्हा बोलले नाही.

10 डिसेंबर, सकाळी

चहा घेताना मायला विचारलं, काल मी काय सांगितलं होतं?

"कापसाची गाडी वापस नाई आली पाहिजे म्हने न तू."

अर्धं बरोबर, पण जे गळायला नको तेच गळलं. 'ओलाव्यापायी' गेलं. परीक्षकांचंही असंच होणार. त्या दिवशी आमच्यासारखे किती तरी जण बोलणार, निर्णय नंतर बंद खोलीत होणार, आणि तिथं आमच्या स्लाइड नसणार. एक परीक्षक दुसऱ्याला जे आठवेल ते सांगणार. त्याला जर 'गाडी परत येऊ देणार नाही म्हणतात' एवढंच आठवलं, तर ते आमचं म्हणणंच नाही.

तो शब्द का गळला ते कळलं. वाक्याच्या सुरुवातीला एक सुटा शब्द होता, काढला तरी वाक्य उभं राहत होतं. कारण वाक्याच्या अंगातच पाहिजे. अर्धा तास चुलीजवळ बसून उलटसुलट केलं. 'ओला कापूस परत येऊ नये' असं केलं तर ओला कापूस खपवायचा आहे असाच अर्थ निघतो. ते टाकलं. शेवटी हे बसलं:

'कापूस ओला निघाला म्हणून एकही गाडी परत येऊ नये.'

यातून 'ओला' काढलं तर वाक्यच मोडतं. आणि 'निघाला' या शब्दात मामाची सगळी गोष्ट आहे, रांगेच्या शेवटी, मीटर लावल्यावर, सगळं संपल्यावर कळणं. ते कळणं आम्हाला त्याच्या अंगणात आणायचं आहे.

मोठ्यानं म्हणून पाहिलं, एका श्वासात होतं.

11 डिसेंबर, रात्री

मायनं आज न चुकता म्हणून दाखवलं. "कापूस ओला निघाला म्हून एकबी गाडी वापस येऊ नये." 'परत' तिच्या तोंडात बसत नाही, आमच्याकडं वापसच म्हणतात. थोडा वेळ विचार करून स्लाइडवरही 'वापस' केलं. भागीदारानं फोनवर कुरकुर केली, शुद्ध वाटत नाही म्हणाला. मी म्हटलं, ज्याची गाडी येते तो काय म्हणतो ते लिहू. मग त्यालाही पटलं.

वाक्य दोन ओळींत तोडलंय: 'कापूस ओला निघाला म्हणून' वर, 'एकही गाडी वापस येऊ नये' खाली. आधी कॉम्प्युटरनं आपोआप 'एकही' वरच्या ओळीत ओढलं होतं, वाचताना ठेच लागत होती. पाठीमागचं चित्र काढलं, पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवली. खाली बारीक अक्षरात नाव आणि फोन नंबर, बाकी काही नाही.

बोलायचं असं ठरवलंय की नववी स्लाइड संपली की दहावी लावायची, मामाच्या गाडीचं एक वाक्य सांगायचं, हे वाक्य म्हणायचं आणि थांबायचं. त्यानंतर काही जोडायचं नाही. कुणी विचारलं की तुमच्या किती वापस आल्या, तर दोन सांगायचं, आणि भिंतीकडची बाजू सांगायची.

मीटर चार्जिंगला लावलंय. बाबांनी एका पिशवीत मूठ-मूठ कापूस बांधून दिलाय, एक वाळलेला, एक आज पहाटे दवात वेचलेला. सकाळची पहिली गाडी पकडायची आहे.